‘कुल्लु आम’ला उत्तर काय द्यायचं?

दुबई, दोहा किंवा मस्कतच्या ऑफिसात काम करणाऱ्या मराठी माणसाला रमझानचा चंद्र दिसल्याची बातमी बहुतेकदा टीव्हीवरून नाही, फोनवरून कळते. संध्याकाळी मेसेज धडाधड यायला लागतात. त्यातले निम्मे अरबी लिपीत असतात, उरलेले इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या अरबीत. पुण्यात बसून रियाधच्या क्लायंटचं काम बघणाऱ्यांचंही तेच होतं. मग आपण भाषांतराचं बटण दाबतो, ‘दरवर्षी तुम्ही कुशल असा’ असं काहीतरी वाचतो आणि ‘थँक्यू’ लिहून हात जोडलेली इमोजी पाठवतो.

यात चूक काही नाही, कुणी रागावतही नाही. पण समोरच्याच्या दृष्टीने हे उत्तर अर्धंच असतं. आपण ‘शुभेच्छा’ म्हणतो तेव्हा काहीतरी देऊन मोकळे होतो. अरबीतल्या बहुतेक सणाच्या वाक्यांमध्ये मात्र देणं नसून मागणं असतं. ते समोरच्यासाठी देवाकडे मागितलेलं असतं आणि त्याचा दुसरा भाग ऐकणाऱ्याने पुरा करायचा असतो. वारीत कुणी ‘माऊली’ म्हटलं तर आपण ‘धन्यवाद’ म्हणत नाही, ‘माऊली’च म्हणतो. तसंच काहीसं हे आहे.

यामागे एक जुना नियम आहे. कुराणाच्या चौथ्या सुऱ्यातल्या 86 व्या आयतीत सांगितलंय की कुणी तुम्हाला अभिवादन केलं तर त्याहून चांगलं अभिवादन करा, निदान तेवढंच परत द्या. म्हणून ‘अस्सलामु अलैकुम’ला उत्तर देताना पुष्कळ जण ‘व अलैकुमुस्सलाम’वर न थांबता पुढे ‘व रहमतुल्लाह’ जोडतात. शांतीच्या बदल्यात शांती आणि वर ईश्वराची कृपा. सणाच्या मेसेजांनाही हीच सवय लागलेली आहे: आलं तेवढं तरी परत, जमल्यास थोडं जास्त. उत्तर मराठीत द्या, इंग्रजीत द्या किंवा मोडक्यातोडक्या अरबीत द्या, हा एक नियम सांभाळला की बाकीचं पुष्कळसं आपोआप जमतं.

आता उदाहरणच घेऊ. समजा, दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत साताऱ्याची एक क्वांटिटी सर्व्हेअर आहे. तिचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, तिथलाच, एमिराती. अकाउंट्समध्ये कैरोचा एक जण, डिझाइनमध्ये बैरूतची एक बाई आणि स्टोअर सांभाळायला रत्नागिरीकडचे एक चाचा. गल्फमधली बरीच ऑफिसं अशीच असतात. अरबी म्हणवणारी माणसं तीन, त्यांच्या तऱ्हा तीन, आणि कोकणातला माणूस चौथ्या तऱ्हेचा.

रमझानच्या पहिल्या संध्याकाळी मुदीरचा मेसेज येतो, ‘मुबारक अलैकुम अश्शहर’. हा महिना तुम्हाला बरकतीचा जावो, असा त्याचा भाव. ही खास आखाती पद्धत आहे. याचं ठरलेलं अरबी उत्तर ‘अलैना व अलैकुम’, म्हणजे आमच्यावर आणि तुमच्यावरही. आपल्या साताऱ्याच्या बाईंनी हे लिहिलं तर मुदीरला गंमतही वाटेल आणि बरंही वाटेल. पण त्या स्वतः रोजे ठेवत नाहीत, त्यामुळे ‘आमच्यावर’ लिहायला त्यांना अवघड वाटू शकतं. मग इंग्रजीत सरळ लिहावं, ‘थँक यू सर. विशिंग यू अँड युअर फॅमिली अ ब्लेस्ड रमझान.’ यात तीन गोष्टी आल्या: आभार, सणाचं नाव आणि त्याच्या घरच्यांचा उल्लेख. ‘थोडं जास्त’ जे म्हणायचं ते या घरच्यांच्या उल्लेखात येतं. फक्त ‘सेम टू यू’ लिहिलं तर मेसेज परत गेला, पण आपल्याकडून त्यात काहीच पडलं नाही.

‘हॅपी रमझान’ लिहिलेलं पुष्कळदा दिसतं. त्याने कुणी दुखावत नाही, पण उपवासाच्या महिन्याला ‘हॅपी’ जरा हलकं वाटतं. ‘ब्लेस्ड’ किंवा ‘पीसफुल’ बरं. मराठीत ‘रमझानच्या शुभेच्छा’ अगदी ठीक आहे. ‘हॅपी फास्टिंग’ मात्र नको. दुपारी तीन वाजता घसा कोरडा पडलेल्या माणसाला त्यात हॅपी काय ते कळत नाही.

पुरवठादारांकडून, बँकेकडून, बिल्डिंगच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांकडून येतो तो ‘रमदान करीम’. करीम म्हणजे उदार. याचं ठरलेलं उत्तर ‘अल्लाहु अकरम’, अल्लाह त्याहून उदार. वर सांगितलेला नियम इथे शब्दशः दिसतो, आलेल्यापेक्षा एक पायरी वर. काही धार्मिक विद्वानांना ‘करीम’ म्हणणंच पसंत नाही. उदारपणा देवाचा, महिन्याचा नव्हे, असं त्यांचं म्हणणं, म्हणून ते ‘रमदान मुबारक’च म्हणतात. एवढ्या खोलात आपण शिरायचं कारण नाही. पण स्वतः आधी मेसेज करत असाल तर ‘मुबारक’ लिहा, त्यावर कुणाचाच आक्षेप नसतो. आणि ‘अल्लाहु अकरम’ हे श्रद्धेचं विधान आहे. ते मनापासून म्हणता येत नसेल तर म्हणायची सक्ती नाही. ‘थँक यू, रमझान मुबारक’ एवढ्याने भागतं.

कैरोचा अकाउंटंट लिहितो, ‘कुल्ल सना वन्ति तय्यिबा’. दरवर्षी तू बरी असावीस. हेच वाक्य पुस्तकी अरबीत ‘कुल्लु आम व अन्तुम बिखैर’ असं होतं आणि ऑफिसच्या अधिकृत ईमेलमध्ये बहुतेकदा हेच असतं. अरबीतल्या सगळ्या सणवारांच्या वाक्यांमध्ये उपयोगाचं हे एकच. ते रमझानला चालतं, दोन्ही ईदना चालतं, नव्या वर्षाला आणि ख्रिसमसला चालतं, वाढदिवसालाही चालतं. कारण त्यात कुठल्याच सणाचं नाव नाही. हा दिवस दरवर्षी येवो आणि तेव्हा तुम्ही सुखरूप असा, एवढंच ते म्हणतं. इजिप्तच्या माणसाने दिवाळीला लाडू खाता खाता हेच म्हटलं तर नवल वाटायला नको.

याचं उत्तर म्हणजे त्याचाच दुसरा अर्धा भाग, ‘वन्ता तय्यिब’, तूही बरा असावास. इथे मराठी माणसाला एक फायदा आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला समोर पुरुष आहे की बाई याने ‘यू’ बदलत नाही, आपण मात्र ‘बरा’ आणि ‘बरी’ म्हणतच आलोय. मिसरी बोलीत पुरुषाला ‘वन्ता तय्यिब’, बाईला ‘वन्ति तय्यिबा’ आणि अनेकांना ‘वन्तू तय्यिबीन’. पुस्तकी अरबीत अनुक्रमे ‘व अन्ता बिखैर’, ‘व अन्ति बिखैर’, ‘व अन्तुम बिखैर’. गोंधळ झाला तर अनेकवचन वापरावं. अरबी मेसेजमध्ये ते आदरानेही वापरतात, आपल्या ‘तुम्ही’सारखं. मुदीरला ‘व अन्तुम बिखैर’ लिहिलं तर तो त्याचा मान समजेल. आलेला मेसेज कॉपी करून जसाच्या तसा परत पाठवला तर मात्र पंचाईत होते. साताऱ्याच्या बाईंना आलेलं वाक्य स्त्रीलिंगी होतं. तेच उलट धाडलं की अकाउंटंटला ‘तू बरी असावीस’ असं जातं.

हेच इंग्रजीत कसं म्हणावं? ‘थँक यू, अँड मेनी हॅपी रिटर्न्स’ हे शब्दशः जवळचं, पण ते वाढदिवसाला चिकटलेलं. त्याऐवजी ‘विशिंग यू अँड युअर फॅमिली गुड हेल्थ, धिस इयर अँड एव्हरी इयर’ हे चांगलं. मराठीत ‘तुम्हालाही दरवर्षी असंच सुखाचं जावो’ म्हणता येतं. अर्थात मराठी कळणारा समोर असेल तरच.

महिना संपतो आणि ईद येते. तेव्हा एक अडचण अशी येते की शुभेच्छा नेमक्या कधी द्यायच्या. रमझान 29 दिवसांचा असतो किंवा 30, ते 29 व्या संध्याकाळी चंद्र दिसतो की नाही यावर ठरतं. निर्णय प्रत्येक देशाचा वेगळा. 2025 मध्ये सौदी अरेबिया, अमिरात आणि कतारमध्ये ईद 30 मार्चला, रविवारी झाली. ओमान, इजिप्त आणि भारतात ती सोमवारी, 31 मार्चला होती. म्हणजे रियाधच्या क्लायंटला पुण्याहून ‘ईद मुबारक’ रविवारी पाठवणं बरोबर, पण मस्कतच्या क्लायंटला तेच रविवारी पाठवलं तर तो अजून रोज्यात. त्याला वाईट वाटत नाही, पण पाठवणाऱ्याने चौकशी केली नाही हे त्याला दिसतं. सोपा उपाय म्हणजे त्या देशाची घोषणा होईपर्यंत थांबणं. तिचा निरोप पोचायला संध्याकाळचे काही तास लागतात, त्याहून जास्त नाही. तिथेच काम करणाऱ्याने मात्र जिथे आहोत तिथला दिवस धरावा. दुबईतला कैरोचा माणूस दुबईच्या ईदला नमाजाला जातो, मग त्याच्या घरी ती दुसऱ्या दिवशी का असेना.

त्या वर्षी 30 मार्चला गुढीपाडवाही होता. दुबईतल्या मराठी घरात सकाळी गुढी आणि फोनवर ‘ईद मुबारक’ असा योग. अशा दिवशी उत्तरात आपलाही सण सांगून टाकायला हरकत नाही: ‘ईद मुबारक टू यू अँड युअर फॅमिली. टुडे इज अवर न्यू इयर टू.’ पण क्रम असाच ठेवावा. आधी त्यांचा सण, मग आपला. उलटा ठेवला तर उत्तर न राहता ती स्वतःची जाहिरात होते.

ईदला मुदीरकडून येतं ‘ईदकुम मुबारक, व असाकुम मिन उव्वादह’. पहिला भाग कळतो. दुसऱ्याचा अर्थ असा की हा सण पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांमध्ये तुम्ही असा. दरवर्षी तो तुमच्या वाट्याला येवो. इथे इंग्रजीत ‘थँक यू सर, ईद मुबारक. मे यू अँड युअर फॅमिली सी मेनी मोअर’ लिहिलं की दोन्ही भागांना उत्तर मिळतं. नुसत्या ‘ईद मुबारक’ला अरबी बोलणारे ‘अल्लाह युबारिक फीक’ म्हणतात, अल्लाह तुला बरकत देवो. बाईला ‘फीकि’, अनेकांना ‘फीकुम’.

आता एक वाक्य असं, ज्याला उत्तर देताना दोन सेकंद थांबावं. ‘तकब्बलल्लाहु मिन्ना व मिन्कुम’. धार्मिक वृत्तीची माणसं ईदला एकमेकांना हे म्हणतात. अर्थ, अल्लाह आमच्याकडून आणि तुमच्याकडून कबूल करो. काय कबूल करो? महिनाभराचे रोजे, रात्रीचे नमाज, दानधर्म. ग्रुपवर हे सगळ्यांनाच येतं आणि इतरांचं बघून आपणही तेच टाकावं असं वाटतं. पण रोजे न ठेवलेल्याने ‘आमच्याकडून कबूल करो’ म्हणणं म्हणजे न केलेल्या कामाचा हिशेब मागणं. म्हणणारा भला असतो, वाचणारा समजून घेतो, तरी वाक्य जागेवर बसत नाही. इथे ‘आमच्याकडून’ गाळून ‘तुमच्याकडून’ तेवढं ठेवावं. इंग्रजीत, ‘मे युअर फास्टिंग अँड प्रेयर्स बी ॲक्सेप्टेड. ईद मुबारक.’ मराठीत, ‘तुमचे रोजे, तुमची दुआ कबूल होवो.’ माझ्या मते बिगरमुस्लिम सहकाऱ्याने द्यावं असं याहून चांगलं उत्तर नाही. कारण त्यात समोरच्याने महिनाभर नेमकं काय केलं ते तुम्हाला ठाऊक असल्याचं दिसतं.

रत्नागिरीच्या चाचांचा प्रश्नच वेगळा. ते ‘ईद मुबारक’ म्हणतात आणि त्यांना मराठीतच उत्तर हवं. ‘चाचा, तुम्हालाही ईद मुबारक. घरी सगळ्यांना सांगा’ एवढं पुरतं, आणि जवळीक असेल तर ‘शीरखुर्मा कुठाय?’ हेही चालतं. चाचांकडून ‘खैर मुबारक’ ऐकू येईल. ते आपल्याकडच्या उर्दूतलं उत्तर आहे. तेच मुदीरला दिलं तर तो क्षणभर बघत राहील, कारण शब्द दोन्ही अरबी असले तरी असं उत्तर द्यायची त्याच्याकडे रीत नाही. शीरखुर्म्याचंही तसंच. अरबांकडे ईदला खजूर भरलेले मामूल आणि कहवा असतो, इजिप्तमध्ये काहक नावाची पिठीसाखरेची बिस्किटं. मुदीरकडे शीरखुर्मा मागितला तर त्याला ते काय हेच विचारावं लागेल. पुढच्या ईदला ‘बकरी ईद’ हा शब्दही चाचांपुरता ठेवावा. अरबीत ती ‘ईद अल-अदहा’, कुर्बानीची ईद, आणि इंग्रजी मेसेजमध्ये ‘ईद मुबारक’ एवढंच लिहिलं तरी पुरतं. या ईदला चंद्राची धाकधूक नसते. जिलहज महिन्याच्या दहाव्या दिवशी ती येते आणि महिना लागला की दहा दिवस आधीच तारीख पक्की होते.

बैरूतची डिझाइनर राहिली. तिने स्वतः ईदचा मेसेज पाठवला नाही, तर आपण पाठवण्याआधी जरा थांबावं. नाव अरबी, भाषा अरबी, म्हणून माणूस मुसलमानच असेल असं नाही. लेबनॉनमध्ये ख्रिस्ती लोकसंख्या मोठी आहे, इजिप्तमध्ये कॉप्टिक ख्रिस्ती आहेत आणि त्यांचा ख्रिसमस 7 जानेवारीला येतो. तिने डिसेंबरात ‘कुल्लु आम व अन्तुम बिखैर’ लिहिलं तर तेच वाक्य, तेच उत्तर, ‘व अन्ति बिखैर’. किंवा इंग्रजीत ‘मेरी ख्रिसमस टू यू अँड युअर फॅमिली’. ईस्टरला एखादा अरबी ख्रिस्ती ‘अल-मसीह काम’ म्हणेल, म्हणजे ख्रिस्त उठला. त्याला श्रद्धावंत ‘हक्कन काम’, खरोखरच उठला, असं उत्तर देतात. आपण ‘हॅपी ईस्टर’ म्हणावं.

मेसेज सगळ्या कंपनीला आला असेल तर ‘रिप्लाय ऑल’ करू नये. चारशे जणांच्या इनबॉक्सात तुमचं ‘थँक्यू’ कुणालाच नको असतं. एचआरच्या किंवा डायरेक्टरच्या सामूहिक ईमेलला उत्तर दिलं नाही तरी चालतं. द्यायचंच असेल तर फक्त त्या व्यक्तीला, एका ओळीत. सुट्टीनंतर ऑफिसला आल्यावर पहिल्या भेटीत तोंडी ‘ईद मुबारक’ म्हणणं मात्र चुकवू नये. आठवडा उलटला असला तरी ते चालतं आणि लेखी मेसेजपेक्षा तेच लक्षात राहतं. समोर दुसऱ्या लिंगाची व्यक्ती असेल तर हात आपण आधी पुढे करू नये. तिने किंवा त्याने छातीवर हात ठेवला तर आपणही तसंच करावं.

दोन दिवस मात्र असे आहेत की त्यांना शुभेच्छा देण्याआधी समोरचा कोण हे माहीत हवं. ईद-ए-मिलाद, प्रेषितांचा जन्मदिवस, काही मुस्लिम उत्साहाने साजरा करतात, तर काही तो साजरा करणंच अयोग्य मानतात. सौदीत त्याची सरकारी सुट्टीही नसते. आणि मोहरमचा दहावा दिवस, आशुरा. शिया मुसलमानांसाठी तो इमाम हुसैन यांच्या करबलातल्या हौतात्म्याचा शोकदिन आहे. बहरीनमध्ये त्या सुमारास दोन दिवस सुट्टी असते, पण सुट्टी दिसली म्हणून ‘हॅपी मोहरम’ लिहिणं म्हणजे शोकाच्या घरी पेढे नेणं. शिया सहकाऱ्याने स्वतः त्या दिवसाबद्दल काही लिहिलं तर ‘थिंकिंग ऑफ यू अँड युअर फॅमिली टुडे’ एवढंच लिहावं, आणि मराठी सहकारी असेल तर ‘आज तुमची आठवण आहे’. त्यांचा मेसेज आला नसेल तर आपण त्या दिवशी गप्प राहिलं तरी कुणाला खटकत नाही.